घरची कॉफी कोल्हापूरच्या लॉजवर बिघडते, तेव्हा दोष कुठं शोधायचा

महिन्यातून एकदा मला कोल्हापूरला जावं लागतं. शिरोली एमआयडीसीतल्या दोन फौंड्र्यांमधून आमच्याकडे कास्टिंग येतं. ते तपासायचं, दोन रात्री स्टेशन रोडच्या बाजूला एका लॉजवर काढायच्या आणि पुण्याला परत यायचं. दिवसभराचा चहा फौंड्रीत होतो आणि तो चांगला असतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सकाळी साडेसहाची कॉफी मला माझ्या हातचीच लागते. त्यासाठी दट्ट्यानं दाबून कॉफी काढायचा एरोप्रेस, हाताचा ग्राइंडर आणि चिकमगळूरच्या मध्यम भाजलेल्या बिया तेव्हा बॅगेत असायच्या. घरी हेच सामान वापरून रोज उत्तम कॉफी होते. लॉजवर मात्र ओळीनं तीन फेऱ्या ती बिघडली, आणि गंमत म्हणजे प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेनं बिघडली.

पहिल्या फेरीत कॉफी सपक झाली. वास बरा होता, पण घोट घेतला की जिभेवर खडू फिरवल्यासारखं वाटायचं. या बियांना घरी हलकासा आंबटगोडपणा असतो, त्याचा पत्ताच नव्हता. मला वाटलं पावडर कमी पडली, म्हणून दुसऱ्या दिवशी १४ ग्रॅमच्या जागी १८ ग्रॅम घातली. कॉफी जड झाली, कडू झाली, पण सपकपणा तसाच राहिला. दुसऱ्या फेरीला मी बियांवर खापर फोडलं आणि ताज्या भाजलेल्या बिया घेऊन गेलो. शिवाय खोलीतल्या नळाचं पाणी नको म्हणून खालच्या मजल्यावरच्या फिल्टरचं पाणी वापरलं. आता उलटंच झालं. कॉफी पातळ आणि झणकन आंबट, गूळ न घातलेल्या चिंचेच्या कोळासारखी. मी ग्राइंडर चार क्लिक बारीक केला. आंबटपणा गेला नाही, वर कडवटपणा आला आणि एरोप्रेस दाबताना हात थरथरायला लागला.

तिसऱ्या फेरीतही कॉफी बिघडली. त्या दिवशी फौंड्रीत एका कास्टिंगला हवेची भोकं पडत होती आणि आमचे दोन पोरगे वाळूही बदलू म्हणत होते, मालही आणि ओतायचा तापही. तिथले जुने सुपरवायझर त्यांना म्हणाले, "सगळं एकदम बदलू नगासा. एकेक बदला. न्हाईतर बरं झालं तरी कशानं झालं ते कळायचं न्हाई." मी बाजूला उभा होतो. कॉफीच्या बाबतीत मी नेमका तोच गाढवपणा करत होतो. बिया, पाणी, दळण सगळं एकाच वेळी हलवत होतो.

म्हणून त्या संध्याकाळी लॉजवर बसून एकेक गोष्ट तपासली. ज्या क्रमानं तपासली त्याच क्रमानं लिहितो, कारण हा क्रम उलटा केला तर वेळ जातो आणि महागाची कॉफी फुकट जाते.

आधी केटल, कॉफी नंतर

खोलीतली केटल उघडून मोबाइलच्या उजेडात आत बघा. तळाला आणि पाण्याच्या पातळीच्या रेषेवर पांढरा, खरबरीत थर दिसला तर एक गोष्ट नक्की कळते, की त्या केटलमध्ये जड पाणी उकळत आलंय. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट उकळताना मोडतं आणि कार्बोनेट होऊन तळाशी बसतं. म्हणजे आपल्याआधी राहून गेलेल्या पन्नास लोकांनी कसलं पाणी वापरलं, त्याची नोंद ती केटलच ठेवते.

मग त्यात साधं पाणी उकळा, काचेच्या पेल्यात ओता, कोमट होऊ द्या. आधी नाक लावा, नंतर घोट घ्या. मी हे केलं तेव्हा काहीतरी विचित्र वास आला, पण ओळखू येईना. पाण्याची बाटली द्यायला आलेल्या पोराला पेला दाखवला. तो हसायलाच लागला.

"साहेब, त्यात कॉफी करताय व्हय? आवो, परवा एकानं त्यात अंडी उकडल्याली."

"आणि दूध?"

"दूध तर रोजच तापवत्यात. मॅगी बी करत्यात. चहा सांगू काय खालनं?"

चहा नको म्हटलं, दोन लिंबं आण म्हटलं.

अर्धा लिटर पाण्यात दोन लिंबांचा रस पिळून ते उकळलं आणि वीस मिनिटं तसंच ठेवलं. पांढऱ्या थरातून बारीक बुडबुडे येतात, तो कार्बोनेट विरघळतोय याचा पुरावा. लिंबं नसतील तर किराणा दुकानात लिंबूफूल म्हणजे सायट्रिक ॲसिड मिळतं, तेवढ्याच पाण्याला एक चमचा पुरतो. मी आता त्याची छोटी पुडी बॅगेतच ठेवतो. नंतर ते पाणी फेकून दोनदा साधं पाणी उकळून ओतून द्यायचं. घासणीनं खरवडायच्या फंदात पडू नका, केटल आपली नाही.

लिंबानं क्षार जातात, पण दुधाची चिकट साय जात नाही, कारण ती स्निग्ध आहे. तिला भांड्याचा साबण आणि गरम पाणीच लागतं. केटलचं बूड पाण्यात बुडवायचं नाही, फक्त आतून धुवायचं. आणि वास जर झाकणाच्या प्लास्टिकमध्ये मुरला असेल तर काहीही करून निघत नाही. अशा वेळी सरळ खाली फोन करून दुसरी केटल मागावी. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

केटल साफ झाल्यावर मी तेच पाणी पुन्हा उकळून चाखलं. अंड्याचा वास गेला होता, पण पाणी अजूनही मचूळ होतं. म्हणजे पहिला दोष सापडला, पण तो एकटा नव्हता.

खरा चोर पाणी

त्या लॉजवर तीन प्रकारचं पाणी होतं, हे मला तिसऱ्या फेरीत कळलं. खोलीच्या नळाला बोअरचं. खालच्या मजल्यावरच्या मशीनमध्ये आरओचं. आणि किचनमध्ये एका वेगळ्या नळाला कॉर्पोरेशनचं, ज्यावर त्यांचा स्वयंपाक चालतो. माझ्याकडे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा, पेनासारखा टीडीएस मीटर असतो. त्या दिवशीचे आकडे असे होते: बोअर ४६०, आरओ ३०, कॉर्पोरेशन ११०. माझ्या पुण्यातल्या नळाला साधारण शंभर-सव्वाशे येतो. कॉफीवाल्यांमध्ये दीडशेच्या आसपासचं पाणी चांगलं धरतात. थोडं खाली-वर चालतं, पण चारशेच्या वर आणि पन्नासच्या खाली गेलं की चवीत फरक जाणवतो.

हा फरक का पडतो ते समजून घेतलं की पुढचं सोपं होतं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कॉफीतली चव ओढून घ्यायला मदत करतं. ते जवळजवळ नसेल तर कॉफीला अंग येत नाही. पाण्यातलं बायकार्बोनेट मात्र कॉफीतल्या आम्लांना मारतं. ते जास्त असेल तर बियांचा सगळा आंबटगोडपणा तिथल्या तिथे विझतो आणि उरतो तो खडूसारखा सपकपणा. बोअरच्या पाण्यात हे दोन्ही भरपूर. आरओच्या पाण्यात दोन्ही नाहीत, त्यामुळे आम्लाला अडवायला कुणीच नसतं आणि ते जिभेला टोचतं. माझ्या पहिल्या दोन फेऱ्यांमधल्या दोन उलट्या तक्रारींचा उलगडा इथं झाला. बिया दोन्ही वेळी ठीक होत्या.

मीटर नसला तरी अडत नाही. आपल्याकडे घरोघरी लोकांना हे माहीत असतं, फक्त कॉफीशी कुणी जोडत नाही. आंघोळीला साबणाचा फेस होत नाही, केस धुतले की चिकट राहतात, किचनमध्ये विचारलं तर "त्या पाण्यात डाळ शिजत न्हाई" म्हणतात, ते पाणी कॉफीच्याही कामाचं नाही. खोलीतली चहाची पिशवी त्या पाण्यात बुडवून दोन मिनिटं ठेवा. वर तपकिरी, तेलकट दिसणारी साय धरली की पाणी जड आहे असं खुशाल समजा. आणि मीटर असला तरी त्याच्यावर फार विश्वास नको. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, काय विरघळलंय ते सांगत नाही. मिठाचं पाणीही त्याला तेवढंच दिसतं.

मग मी तीन पेले केले. तिन्हींना १४ ग्रॅम कॉफी, २०० मिली पाणी, दळण तेच, वेळ दोन मिनिटं. फक्त पाणी वेगळं. बोअरच्या पेल्यात पहिल्या फेरीचा सपकपणा जसाच्या तसा परत आला. आरओच्या पेल्यात चिंच. कॉर्पोरेशनच्या पाण्याचा पेला घरच्यासारखा, नव्वद टक्के तरी. एवढा ढळढळीत फरक पडेल असं मलाही वाटलं नव्हतं. सह्याद्रीकडून येणाऱ्या नदीच्या पाण्यात क्षार कमी असतात आणि काळ्या खडकात बराच काळ मुरलेल्या बोअरच्या पाण्यात जास्त, हे शाळेत शिकलो होतो. पण त्याचा पुरावा कॉफीच्या पेल्यात मिळाला.

तेव्हापासून पहिलं काम ठरलेलं. पोचल्या पोचल्या किचनमध्ये जायचं आणि "मामा, प्यायच्या नळाचं दोन बाटल्या पाणी मिळेल का" असं विचारायचं. कॉर्पोरेशनच्या पाण्याला कधीकधी क्लोरिनचा वास येतो. त्यासाठी ते रात्रभर उघड्या तांब्यात किंवा स्टीलच्या मगमध्ये, वर एखादा स्वच्छ रुमाल टाकून ठेवायचं. सकाळपर्यंत वास बराच जातो, उरलेला उकळताना जातो.

तिसरं पाणी मिळतच नसेल तर मिश्रण करावं लागतं. तीन भाग आरओ आणि एक भाग बोअर घेतलं तर हिशेब असा येतो: ३० गुणिले ३ म्हणजे ९०, अधिक ४६० म्हणजे ५५०, भागिले ४ म्हणजे साधारण १३७. आकडा बरोबर बसतो आणि चवही. पण बोअरचं पाणी लॉजची माणसं स्वतः पीत असतील तरच हा उद्योग करा. उकळल्यानं जंतू मरतात, विरघळलेले नायट्रेटसारखे पदार्थ मात्र तसेच राहतात. शंका असेल तर बाटलीबंद पाणी घ्या. त्यातलं बहुतेक पाणी आरओ करून वर थोडे क्षार घातलेलं असतं आणि ते प्रमाण कंपनीगणिक वेगळं असतं. म्हणून एका बाटलीची कॉफी आंबट लागली तर दळणाला हात लावण्याआधी दुसऱ्या कंपनीची बाटली घेऊन बघा. त्यात फार तर वीस रुपये जातात.

उरलेले दहा टक्के

पाणी सुटल्यावरही माझा पेला घरच्यापेक्षा किंचित फिका लागत होता. पहिला विचार आला, कोल्हापुरात पाणी कमी तापमानाला उकळत असेल का? उंचीवर गेलं की उकळबिंदू खाली येतो, साधारण तीनशे मीटरला एक अंश. पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आणि पुणंही जवळजवळ तेवढंच. दोन्हीकडे पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळतं. तेव्हा हा मुद्दा बाद. महाबळेश्वरला असतो तर गोष्ट वेगळी होती.

दोष निघाला तो एसीत. रात्रभर एसी १८ वर, त्यामुळे एरोप्रेस, स्टीलचा मग, चमचा सगळं गार पडलेलं. थर्मामीटर लावून बघितलं तर केटलमधलं ९८ अंशांचं पाणी थंड एरोप्रेसमध्ये कॉफीवर पडेपर्यंत ८६ वर आलं होतं. दिवसभर चौदाशे अंशांच्या ओतीव लोखंडाच्या तापावर लोकांशी वाद घालणारा मी, आणि माझा स्वतःचा ताप बारा अंशांनी चुकत होता. गडद भाजलेल्या बियांना ८६ चाललं असतं. मध्यम आणि हलक्या भाजणीला ते कमी पडतं.

उपाय अगदी साधा आहे. अर्धा लिटर पाणी उकळायचं. तसंही केटलवरच्या कमीत कमी पातळीच्या खुणेखाली उकळू नये. त्यातलं थोडं एरोप्रेस, कागदी फिल्टर आणि मगमधून फिरवून टाकून द्यायचं. केटलचं बटण पुन्हा दाबून पाणी खळखळू द्यायचं आणि लगेच ओतायचं. असं केल्यावर तेच थर्मामीटर ९२ दाखवायला लागलं.

तराजू मी नेत नाही. घरी एकदा स्टीलच्या मगमध्ये २०० ग्रॅम पाणी वजन करून ओतलं आणि त्या पातळीला आतून खिळ्यानं बारीक ओरखडा काढला. लग्नात वाटतात ती २०० मिलीची बाटलीही मापाला चालते, पण तिनं थंड पाणीच मोजा, उकळतं ओतलं तर ती आकसते. कॉफी घरीच १४-१४ ग्रॅमच्या छोट्या झिप पाऊचमध्ये भरतो. म्हणजे लॉजवर मोजायचं काही उरतच नाही.

करायची पद्धत घरचीच. एरोप्रेस मगावर ठेवायचा, त्यात कॉफी, वर मापाचं पाणी, दहा सेकंद ढवळणं. लगेच दट्ट्या वरून बोटभर आत घालून जरा वर ओढायचा, म्हणजे आत पोकळी होऊन खाली गळणं थांबतं. दोन मिनिटांनी अर्धं मिनिट घेत हळू दाबायचं आणि फुस्स आवाज आला की थांबायचं. उलटा एरोप्रेस धरून करण्याची पद्धत मला माहीत आहे. पण लॉजच्या गादीवर बसून, डुगडुगत्या टीपॉयवर ती करू नका. एकदा पांढऱ्या चादरीवर सांडलंय, दीडशे रुपये भरलेत.

दाबताना काहीच जोर लागत नसेल आणि कडेनं हवा जात असेल, तर दोष दट्ट्याच्या रबराचा. प्रवासात लोक दट्ट्या अर्धवट आत घालून बॅगेत कोंबतात, त्यानं रबर दबून राहतं आणि सैल पडतं. दट्ट्या एकतर पूर्ण आरपार ढकलून ठेवावा, नाहीतर वेगळा काढून.

बिया न्यायच्या की पावडर

दोन रात्रींसाठी मी आता पावडरच नेतो. हे वाचून काही जण नाक मुरडतील. पण ग्राइंडरचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि सकाळी सहाला पातळ भिंतीच्या खोलीत बिया दळायला लागलं की शेजारचा भिंतीवर ठोकतो. दळल्यावर कॉफीचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो, त्यामुळे वास लवकर उडतो हे खरं. तरी रविवारी रात्री दळलेली पावडर पाऊचमधली हवा दाबून काढून ठेवली तर मंगळवार सकाळपर्यंत मला चालते. बुधवारी ती बसते. कसं ओळखायचं? कॉफीवर आधी थोडंसं गरम पाणी टाका. ताजी असेल तर अडकलेला वायू सुटून ती फसफसते, फुगते. शिळी पावडर चिखलासारखी नुसती भिजते. अशा पावडरीला पाणी, ताप, वेळ काहीही वाचवत नाही. तीन रात्रींच्या वर मुक्काम असेल तर मात्र बियाच न्या.

बिया नेणाऱ्यांसाठी ग्राइंडरचं एक सांगतो, कारण मी त्यात फसलोय. निघण्याच्या आदल्या दिवशी ग्राइंडर उघडून ब्रशनं साफ केला आणि पुन्हा जोडला. घरी मी सोळाव्या क्लिकवर दळतो, लॉजवरही सोळावर दळलं आणि कॉफी पाण्यासारखी झाली. जोडताना शून्य सरकलं होतं. खोलल्यावर दर वेळी शून्य नव्यानं शोधावं लागतं. ग्राइंडर रिकामा असताना दाते एकमेकांना टेकून दांडा अडेपर्यंत हलक्या हातानं आवळायचं, ते शून्य. तिथून मोजत सोळा क्लिक मागे. जोर लावून आवळलं तर दाते खराब होतात.

फ्रीज असलेली खोली मिळाली तर त्यात कॉफी ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. गार पाऊच कोल्हापूरच्या पावसाळी हवेत उघडला की आत दव धरतं. बॅगेतच, कपड्यांच्या घडीत ठेवा. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत मात्र सोडू नका.

आणि परतीच्या प्रवासातली माझी फजिती. कोल्हापूरहून रिकाम्या हातानं कोण येतं? बॅगेत अर्धा किलो कांदा-लसूण चटणी होती आणि तिच्या शेजारी उरलेले दोन कॉफीचे पाऊच. झिप पाऊच कितीही घट्ट लावला तरी लसणाला अडवत नाही. बुधवारी पुण्यात केलेल्या कॉफीला जो वास होता तो बायकोनं बरोबर ओळखला आणि तेव्हापासून चटणी डबल पिशवीत, वेगळ्या कप्प्यात येते. कॉफी वास शोषून घेण्यात पटाईत आहे. आपल्याकडे वास मारायला लोक ती फ्रीजमध्ये वाटीत ठेवतात, ते काही उगाच नाही.

दूध घालणाऱ्यांसाठी

माझे एक सहकारी दुधाशिवाय कॉफी पीतच नाहीत. त्यांच्यासाठी पाणी निम्मं करायचं, १४ ग्रॅमला १०० मिली, आणि वर गरम दूध. दूध केटलमध्ये तापवू नका, पुढच्या माणसाचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. किचनमधून मागवा आणि "बिनसाखरेचं" असं दोनदा सांगा, नाहीतर साखर घालूनच येतं. कोल्हापुरात दूध बहुधा म्हशीचं आणि घट्ट मिळतं. प्यायला ते फार छान. पण हलक्या भाजणीची कॉफी त्या सायीखाली पूर्ण दबते आणि पिणारा म्हणतो कॉफी पांचट झाली. तिथं गडद भाजलेली किंवा चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची पावडर न्यावी. स्टीलचा छोटा दाक्षिणात्य फिल्टर बॅगेत एरोप्रेसहून कमी जागा घेतो आणि त्याला कागदही लागत नाही. रात्री झोपण्याआधी भरून ठेवला तर सकाळी डिकॉक्शन तयार. ते थंड झालेलं असतं, पण वरून कढत दूध घातलं की काम भागतं.

गेल्या फेरीत किचनचा नळ कोरडा होता. पाइपलाइनचं काम निघालं म्हणून दोन दिवस पाणी नव्हतं. मामांनी भरून दिलेल्या बाटलीत मीटर घातला तर साडेचारशे. विचारलं तर म्हणाले, "बोअरचंच हाय साहेब, आम्ही बी तेच पितोय आज." मग वरती जाऊन तीन पेले आरओ, एक पेला ते, असं मोजून केटल भरली. केटलच्या तळाशी पुन्हा पांढरा थर आला होता. लिंबूफुलाची पुडी बॅगेत होती.